तुमची कोणती माहिती आम्ही घेतो आणि कशासाठी: आमच्या आंबाविक्रीच्या संकेतस्थळाचं गोपनीयता धोरण

१ फेब्रुवारी २०२६ पासून लागू

आमची बाग देवगड तालुक्यात आहे. हंगामात हापूसच्या पेट्या आणि नंतर आमरसाचे डबे, आंबापोळी असं सगळं आम्ही या संकेतस्थळावरून थेट घरपोच विकतो. पेटी तुमच्या दारात यायची तर तुमची थोडी माहिती आमच्याकडे यावीच लागते. ती किती आणि कशासाठी, हे इथे लिहिलं आहे.

याआधी इथे जे धोरण होतं ते इंग्रजीत होतं. संकेतस्थळ बनवताना कुठलं तरी तयार धोरण उचलून चिकटवलेलं. गेल्या पावसाळ्यात आम्ही ते पहिल्यांदा नीट वाचलं, तेव्हा कळलं की त्यानुसार आम्ही तुमच्या बोटांचे ठसेसुद्धा घेऊ शकत होतो! आंब्याच्या पेटीला बोटांचे ठसे कशाला हवेत? आम्ही ते कधी घेतले नाहीत, पण लिहिलेलं होतं. ते धोरण आता रद्द आहे. हे मराठी धोरणच मूळ धरावं. इंग्रजी भाषांतरही ठेवलं आहे. दोन्हींत कुठे फरक आढळला तर जो अर्थ तुमच्या फायद्याचा, तो आम्हाला बांधील राहील.

ऑर्डर देताना

आम्ही सगळ्यात आधी पिनकोड विचारतो. त्यावरून दोन गोष्टी ठरतात. आमचा कुरियर तिथे जातो का, आणि पेटीत कितपत तयार फळ भरायचं. मुंबई-पुण्याला जाणारी पेटी आणि तीन-चार दिवसांचा प्रवास करून दिल्लीला पोचणारी पेटी सारखी भरून चालत नाही. लांबच्या पेटीत फळ कच्चं असावं लागतं. नुसता पिनकोड टाकून तुम्ही परत गेलात तर तो आम्ही साठवत नाही.

पुढे नाव, पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर लागतो. पत्ता कशासाठी ते उघड आहे. नंबर दोघांना लागतो: तुमच्या इमारतीखाली उभ्या असलेल्या कुरियरवाल्याला, आणि पेटी अडकली तर तुम्हाला कळवायला आम्हाला. आंबा आहे, गोदामात दोन दिवस पडून राहिला तर संपला. ईमेल, दुसरा नंबर आणि जवळची खूण हे तीन रकाने मोकळे सोडलेत तरी ऑर्डर जाते.

फॉर्ममध्ये नंबर लिहिलात आणि 'पुढे' हे बटण न दाबता पान बंद केलंत, तर तो नंबर आमच्यापर्यंत येत नाही. काही संकेतस्थळं अर्धवट लिहिलेला नंबरही उचलतात आणि मग 'तुमची खरेदी राहिली आहे' म्हणून फोन करतात. आमच्याकडे ती सोय होती, ती आम्ही बंद केली.

जन्मतारीख, आधार, पॅन यांतलं काहीही आम्ही मागत नाही. आमच्या नावाने कोणी मागितलं तर देऊ नका. फोनमधलं लोकेशनही आम्ही घेत नाही. कुरियरवाला व्हॉट्सअॅपवर लोकेशन मागतो, ते द्यायचं की नाही हा तुमचा प्रश्न.

दुसऱ्याच्या घरी पेटी पाठवता तेव्हा

आमच्या बऱ्याच पेट्या भेट म्हणून जातात. मुलगी असते अमेरिकेत, आईवडील सांगलीला. पैसे ती भरते, पेटी सांगलीला उतरते. अशा वेळी आईवडिलांचं नाव, पत्ता आणि नंबर आम्हाला मुलीकडून मिळतो. त्यांना कोणी विचारलेलं नसतं. म्हणून इथे नियम जास्त कडक ठेवले आहेत.

ज्याला भेट जाते त्याचा नंबर फक्त ती पेटी पोचवण्यासाठी वापरला जातो. पुढच्या हंगामाचा निरोप त्या नंबरवर जात नाही, कधीच नाही. पेटीत बिल किंवा किमतीची चिठ्ठी नसते, बिल पाठवणाऱ्यालाच जातं. 'कोणी पाठवली?' असं विचारणारा फोन आला तर आम्ही पाठवणाऱ्याचं नाव सांगतो. हे नको असेल तर ऑर्डर देताना 'नाव सांगू नका' या चौकटीत खूण करा. आणि भेट मिळालेल्या माणसाने आमच्याकडची आपली माहिती पाहायला मागितली, तर त्यालाही तुमच्याइतकाच हक्क आहे.

पैसे

पैसे रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या पेमेंट गेटवेतून जातात. गेटवेचं नाव पैसे भरायच्या पानावर वरच दिसतं. कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही, यूपीआय पिन यांतलं काही आमच्या सर्व्हरवर येत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवताच येत नाही. आमच्याकडे येतं ते एवढंच: पैसे आले की नाही, किती, कधी, आणि व्यवहार क्रमांक.

पैसे परत करायचे असतील तर ते ज्या खात्यातून किंवा कार्डावरून आले तिथेच जातात. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. 'रिफंड देतो, पिन टाका' म्हणणारा माणूस आमचा नव्हे.

आंबा खराब निघाला तर

तक्रारीसोबत आम्ही फोटो मागतो. साका वरून दिसत नाही, फळ कापल्यावर आतला गर पांढरा-स्पंजासारखा निघतो, म्हणून कापलेल्या फळाचा फोटो लागतो. तेवढाच काढा. मागे स्वयंपाकघर, मुलं, टेबलावरची कागदपत्रं दिसतील असा फोटो नको. मोबाईलच्या फोटोत तो कुठे काढला याची नोंद लपलेली असू शकते. तक्रारीच्या पानावर फोटो टाकलात तर ती नोंद आधी पुसली जाते आणि मग फोटो साठतो. फोटो दोन कामांना येतात. तुमचे पैसे परत करायला, आणि कोणत्या कलमांच्या फळात साका जास्त निघतो ते बागेत ताडून पाहायला. फोटो एक वर्षाने पुसतो. जाहिरातीत वापरत नाही, तुमचं कौतुकाचं पत्र असलं तरी विचारल्याशिवाय नाही.

पेटीवरचा क्यूआर कोड स्कॅन केलात की फळ कोणत्या दिवशी काढलं ते दिसतं. हा कोड पेटीचा आहे, तुमचा नव्हे. त्यासाठी नाव किंवा नंबर लागत नाही.

कुकी आणि सर्व्हरच्या नोंदी

कुकी म्हणजे संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. आमच्या दोनच आहेत. `cart_id` तुम्ही निवडलेल्या पेट्या लक्षात ठेवते आणि सात दिवसांनी जाते. `lang` तुम्ही मराठी निवडलं की इंग्रजी ते वर्षभर लक्षात ठेवते. जाहिरातीसाठी तुमचा माग काढणारी एकही नाही. २०२५ च्या हंगामापर्यंत एका समाजमाध्यमाचा तसा कोड आमच्या पानांत होता. त्यामुळे इथे आंबे पाहिलेल्यांना दुसरीकडे आठवडाभर आंबेच दिसायचे. तो आम्ही काढून टाकला आहे.

तुम्ही पान उघडलंत की सर्व्हर आपोआप आयपी अॅड्रेस, वेळ, पान आणि ब्राउझर यांची नोंद करतो. एकाच ठिकाणाहून रात्रीत शेकडो खोट्या ऑर्डरी आल्या तर शोधायला ही नोंद लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार ती किमान १८० दिवस ठेवावीच लागते. विदा म्हणजे डेटा, त्याच्या संरक्षणाच्या नव्या नियमांत मुदत एक वर्षाची आहे, म्हणून आम्ही एक वर्ष धरलं आहे.

पुढच्या हंगामाचा निरोप

मोहोर कसा आहे, पेट्या कधी निघणार, भाव काय, असा निरोप आम्ही वर्षाला जास्तीत जास्त तीनदा व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पण तुम्ही 'मला कळवा' या चौकटीत स्वतः खूण केली असेल तरच. ती चौकट आधीपासून खूण करून ठेवलेली नसते. निरोप नको झाला तर त्याच निरोपाला 'नको' एवढंच उत्तर द्या. त्या दिवसापासून बंद. खूण न केल्यामुळे पेटी महाग मिळत नाही किंवा उशिरा निघत नाही.

जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर आमच्याकडे वहीतून आले आहेत, त्यांची अशी संमती कधी घेतली नव्हती. त्यांना आम्ही या फेब्रुवारीत एकदाच विचारू. उत्तर आलं नाही तर तो नंबर निरोपाच्या यादीतून काढू.

कोणाकोणाला दिसते

घरातल्या तिघांना सगळ्या ऑर्डरी दिसतात. पेट्या भरणाऱ्यांना फक्त छापलेलं लेबल. कुरियरला नाव, पत्ता, नंबर. हिशेबनीसाला बिलं. सर्व्हर भाड्याचा आहे, मुंबईतला. माहिती आम्ही कोणाला विकत नाही, दुसऱ्या बागायतदारांना उसनीही देत नाही. पोलीस किंवा न्यायालयाने कायद्यानुसार लेखी मागितली तर द्यावी लागेल.

एक विनंती: पेटीवरच्या लेबलवर तुमचं नाव, पत्ता आणि नंबर असतो. पेटी रद्दीत देण्याआधी ते फाडून टाका. तिथे आमचं कोणतंही धोरण चालत नाही.

किती दिवस ठेवतो

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. त्यामुळे बिलावरचं नाव आणि पत्ता तेवढा काळ राहतो, तुम्ही पुसायला सांगितलंत तरीही. या काळात तो हिशेबाशिवाय कशालाही वापरत नाही.

तुमचे हक्क

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बऱ्याचशा तरतुदी नियम आल्यापासून १८ महिन्यांनी बंधनकारक होतील. आम्ही तोवर थांबलेलो नाही. आमच्याकडे तुमची काय माहिती आहे ती पाहा, चुकीची असेल तर दुरुस्त करून घ्या, बिलाला लागत नसलेली पुसायला सांगा, दिलेली संमती परत घ्या. तुमच्या पश्चात हे हक्क कोणी बजावावेत, त्या व्यक्तीचं नावही नोंदवून ठेवता येतं. मागणी आली की ज्या नंबरवरून ऑर्डर होती त्यावर आम्ही ओटीपी पाठवतो, म्हणजे तुमची माहिती भलत्याच्या हाती जात नाही. काम १५ दिवसांत होतं, पैसे लागत नाहीत.

१८ वर्षांखालील मुलांनी स्वतः ऑर्डर देऊ नये, आईवडिलांनी द्यावी. मुलाने परस्पर दिली असेल तर कळवा, माहिती आणि ऑर्डर दोन्ही रद्द करू.

माहिती चोरीला गेली तर काय गेलं, कधी गेलं आणि तुम्ही काय काळजी घ्यायची, हे तुम्हाला लगेच साध्या मराठीत कळवू. सर्ट-इनला आम्ही सहा तासांच्या आत कळवायला बांधील आहोत. 'चौकशी चालू आहे' म्हणून तुम्हाला ताटकळत ठेवणार नाही.

विचारायचं असेल तर पेटीच्या झाकणावर आणि या पानाच्या तळाशी छापलेल्या नंबरवर सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत फोन करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी फोन उचलायला वेळ लागतो, कारण सगळे पेट्या भरायला असतात. निरोप ठेवा, रात्रीपर्यंत उलट फोन येतो. आमच्या उत्तराने समाधान झालं नाही, तर भारतीय विदा संरक्षण मंडळाकडे तक्रार करायचा हक्क तुम्हाला आहे.

हे धोरण बदललं तर जुनं पुसणार नाही, खाली तारखेसह ठेवू. बोटांच्या ठशांचं इंग्रजी धोरणही तिथेच आहे.