दोघांचं नातं आणि घरच्यांचं ओझं: तुमचं रीडिंग

ताई, यजमान दुरावलेत का आणि सासरच्या अपेक्षांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलं होतं. त्यासाठी टॅरोचे पाच पत्ते काढले. दोन तुमच्या दोघांसाठी, दोन सासरसाठी, एक पुढच्या पावलासाठी. मुद्दाम वेगळे मांडले, कारण तुमच्या प्रश्नात दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या.

तुमच्या बाजूला टू ऑफ कप्स सुलट आला, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. दोघं समोरासमोर, हातात पेले, नजर एकमेकांवर. ओढ आटलेली नाही. शेजारी टू ऑफ स्वोर्ड्स: डोळ्यांवर पट्टी, छातीवर दोन तलवारी. हा अबोला आहे, दुरावा नव्हे.

सासरकडे हायरोफंट, म्हणजे रीतभात, "आमच्याकडे असंच चालतं". त्याला लागून टेन ऑफ वॉन्ड्स. त्यातला माणूस दहा काठ्या कवेत घेऊन वाकलाय, चेहराच दिसत नाही. तुमचे यजमानही असेच वाकलेत असं मला वाटतं. तुम्हाला ती पाठ फिरवलेली वाटते.

शेवटी जस्टिस, म्हणजे दोन्ही बाजू तोलून घेतलेला निर्णय. सासूबाईंच्या कोणत्या अपेक्षा पाळायच्या, कोणत्या नाहीत, हे आधी दोघांनी बसून ठरवा. मग घरात ते यजमानांनीच सांगावं, तुम्ही नाही.