सीनिअर अकाउंटंटचा ॲक्सेस काढण्याची चेकलिस्ट

विभाग: अकाउंट्स, चाकण कारखाना
कामाचा शेवटचा दिवस: शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ५.३०
यादी कोणासाठी: आयटी, एचआर, अकाउंट्स प्रमुख

राजीनामा राजीखुशीचा आहे आणि माणूस आठ वर्षं आपल्यात आहे. त्यामुळे दुपारच्या निरोपाच्या कार्यक्रमाआधी कुठलंही लॉगिन बंद करू नका. मात्र ५.३० नंतर एकही चालू ठेवू नका. प्रत्येक काम झालं की खूण करून पुढे सही आणि वेळ लिहा.

आधीच्या आठवड्यात (२१ नोव्हेंबरपर्यंत)

सर्वात जास्त वेळ इथेच लागेल. मेल पाच मिनिटांत बंद होतो. सरकारी पोर्टल आणि बँक मात्र आपल्या सोयीने चालत नाहीत.

☐ जीएसटी पोर्टलवर ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो ते बघा. आज तो यांच्याच नंबरवर जातो. `Amendment of Registration Non-Core Fields` मधून नवीन ऑथराइज्ड सिग्नेटरी जोडून त्यांना प्रायमरी करा. मोबाइल आणि ईमेल दोन्ही बदलले की एकदा ओटीपी मागवून खात्री करा. नोव्हेंबरचं जीएसटीआर-१ भरायची मुदत ११ डिसेंबर आहे. त्या दिवशी ओटीपीसाठी माजी सहकाऱ्याला फोन करायची वेळ यायला नको. (अकाउंट्स प्रमुख)

☐ ट्रेसेस, इन्कम टॅक्स आणि पीएफ पोर्टलवरचा संपर्क नंबर, ईमेल आणि पासवर्ड बदला. टीडीएस ७ डिसेंबरला आणि पीएफ १५ डिसेंबरला भरायचा आहे. (अकाउंट्स प्रमुख)

☐ बँकेतला मेकर आयडी बंद करण्याचं पत्र संचालकांच्या सहीने आताच द्या, त्यात २८ तारीख लिहा. नव्या मेकरचा अर्जही त्याच पत्रासोबत जोडा, नाहीतर पगाराच्या दिवशी पेमेंट टाकायला कुणीच नसेल.

☐ संचालकांच्या डिजिटल सहीचा यूएसबी टोकन यांच्या ड्रॉवरमध्ये असतो. तो संचालकांच्या हातात द्या आणि पिन बदलून घ्या.

☐ यांच्याबरोबर बसून शेअर्ड पासवर्डची यादी करा: कुरिअर, वीजबिल, ट्रान्सपोर्टर, विक्रेत्यांची पोर्टल्स. इतरांनी आठवून केलेल्या यादीत दोनचार हमखास सुटतात. (अकाउंट्स प्रमुख)

ड्राइव्ह (२७ नोव्हेंबर)

☐ `My Drive` मधल्या कामाच्या फाइल्सची मालकी `Transfer ownership` ने अकाउंट्स प्रमुखांकडे द्या. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइल्स कंपनीच्याच असतात, त्या हलवायची गरज नाही. पण यांच्याशिवाय दुसरा `Manager` आहे ना, ते बघा.

☐ यांच्या खाजगी जीमेलला शेअर केलेल्या फाइल्स शोधून ते शेअरिंग काढा. ऑफिसचं खातं बंद झालं तरी खाजगी पत्त्यावरून त्या उघडतच राहतात. लॉकडाउनच्या काळात घरून काम करताना सगळ्यांनीच असं शेअरिंग केलं होतं, त्यामुळे यात संशयाचा सूर नको.

☐ खाजगी फोटो, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ घेऊ द्या. ते त्यांचं आहे.

२८ नोव्हेंबर, ५.३० ते ६.१५ (आयटी)

☐ मेलचा पासवर्ड बदला, मग `Reset sign-in cookies`. हे राहिलं तर फोनवर आधीपासून उघडलेलं लॉगिन चालू राहू शकतं.
☐ रिकव्हरी नंबर, बॅकअप कोड आणि ॲप पासवर्ड काढा.
☐ सेटिंग्ज आणि फिल्टरमध्ये बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्डिंग लावलेलं नाही ना, पाहा.
☐ ऑटो-रिप्लाय लावा आणि नवे मेल अकाउंट्स प्रमुखांकडे वळवा. आत्ताच `Suspend` करू नका, नाहीतर ग्राहकांचे मेल परत जातील.
☐ टॅली: लॉगिन बंद करा, पण युजर आणि त्याच्या नोंदी पुसू नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल ठेवावा लागतो. कोणती एन्ट्री कुणी बदलली हे पुढेही दिसायला हवं.
☐ व्हीपीएन, रिमोट डेस्कटॉप, हजेरी ॲप, गेटचं कार्ड.
☐ लॅपटॉप आणि ऑफिसचं सिम परत घ्या. फॉरमॅट इतक्यात नको.
☐ व्हॉट्सॲप ग्रुप: विक्रेत्यांच्या तीन ग्रुपमध्ये हे एकटेच ॲडमिन आहेत. आधी दुसरा ॲडमिन करा, मग ते स्वतः ग्रुप सोडतील. निरोपाचा मेसेज त्यांना टाकू द्या.

१ डिसेंबर

☐ जुन्या लॉगिनने टॅली, व्हीपीएन आणि बँक उघडून पाहा. तिन्ही नाकारले गेले पाहिजेत. शेअर्ड पासवर्डची यादीही एकदा पडताळा. (आयटी, अकाउंट्स प्रमुख समोर)

३१ डिसेंबर

☐ मेलचा आणि ड्राइव्हचा बॅकअप घ्या, मग खातं डिलीट करा. त्यानंतर परत आणायला फक्त २० दिवस मिळतात, म्हणून बॅकअपमधले दोन मेल आणि एक फाइल उघडून पाहिल्याशिवाय बटण दाबू नका. डिलीट झाल्यावर जुना पत्ता अकाउंट्स प्रमुखांच्या खात्याला एलियस म्हणून जोडा आणि लॅपटॉप फॉरमॅटला पाठवा.