मुक्ताचा सहावा वाढदिवस: रविवार 18 जानेवारीपर्यंतचं वेळापत्रक

घरच्या सगळ्यांसाठी. एक प्रत फ्रिजवर लावली आहे. ज्याचं काम झालं त्याने पेनने खूण करावी, म्हणजे मला फोन करून विचारायला नको.

खरा वाढदिवस शुक्रवारी, 16 तारखेला आहे. त्या दिवशी फक्त घरचं औक्षण. पार्टी रविवारी संध्याकाळी 5 ते 7.15, सोसायटीच्या हॉलमध्ये. मुलं 18, मोठी माणसं 14.

गेल्या वर्षी केक उशिरा आला. सगळे येईपर्यंत थांबलो आणि तो कापायला साडेसात वाजले. तोवर मुलं भुकेने कुरकुरत होती आणि मुक्ता शलाकामावशीच्या खांद्यावर झोपून गेली होती. फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. म्हणून या वर्षी एकच गोष्ट ठरवली आहे: पावणेसहाला जो असेल त्याच्यासोबत केक कापायचा. कोणासाठीही थांबायचं नाही.

चार आठवडे आधी (21 डिसेंबर)

निखिल, सेक्रेटरींकडे हॉलचा अर्ज दे. भाडं 1500, अनामत 1000. पावती आठवणीने घे. हॉल दुपारी 3 ते रात्री 8.30 असा लिहून घे, म्हणजे सजावट आणि आवराआवर त्यातच होईल. बाहेरचं अंगणही आपल्याला लागणार आहे, ते अर्जात वेगळं लिही. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगेच गारठा पडतो. त्यामुळे पळापळीचे खेळ आधी बाहेर, बैठे खेळ नंतर आत.

मुलांची यादी मुक्ताने स्वतः सांगितली आहे. त्यात मी एकाही नावाची भर घातलेली नाही.

दोन आठवडे आधी (4 जानेवारी)

आमंत्रणं. मुक्ता पतंगांची चित्रं काढून 18 कार्डं करणार आहे. रोज चार-पाचच करू दे, घाई नको. वर्गातली सगळी मुलं बोलावलेली नाहीत, म्हणून शाळेत एकही कार्ड वाटायचं नाही. ज्याला मिळत नाही त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. कार्डं घरी नेऊन द्यायची, आणि पालकांना हा मेसेज पाठवायचा:

"नमस्कार! आमची मुक्ता सहा वर्षांची होतेय. रविवार, 18 जानेवारीला संध्याकाळी 5 वाजता आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना खेळायला आणि खायला नक्की पाठवा. 5 ते 5.45 खेळ, लगेच केक आणि खाणं, सव्वासातला मुलांना न्यायला या. थांबायचं असेल तर तुम्हीही आमच्याबरोबर जेवा. मुलाला काही खायचं चालत नसेल तर जरूर कळवा. येताय की नाही ते रविवार, 11 तारखेपर्यंत सांगाल? येताना स्वेटर द्या. भेटवस्तू आणू नका, मुक्तासाठी चित्र काढून आणलंत तर तिला फार आवडेल. – मुक्ताचे आई-बाबा"

एक आठवडा आधी (11 जानेवारी)

आकडा पक्का करायचा. ज्यांचं उत्तर नाही त्यांना मी फोन करेन.

दोन मुलांचं खाणं नीट समजून घ्या. अर्णवला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. आपल्याकडे दाणा कुठे नसतो! चटणीत कूट, तिळगुळात कूट, वेफर्स कधी शेंगदाणा तेलात तळलेले. म्हणून वेफर्स पाकिटबंदच आणायचे, घटक वाचून. इडलीची चटणी ओलं खोबरं आणि डाळं घालून करायची. आई, संक्रांत नुकतीच झालेली असेल, तिळगूळ वाटावासा तुम्हाला वाटणार हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी दाण्याचं काहीही हॉलमध्ये न्यायला नको. मुलांना द्यायला तुमचे चुरमुऱ्याचे लाडू करूया का? चुरमुरे मात्र पाकिटातले घेऊ, सुट्यांत दाणे सापडतात.

दुसरी जिनल. तिच्याकडे कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि सूर्यास्तानंतर ती खात नाही. तिच्या आईला काय काय चालतं ते मी विचारून घेईन. केक बिनअंड्याचा आहेच. पाव-भाजी तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात कच्ची केळी, मटार आणि टोमॅटोची, आणि तिचं ताट सगळ्यात आधी.

केकची ऑर्डर: 2 किलो, अननस, वर फक्त "मुक्ता 6". दुकानातून आणून देण्याचा भरवसा नको. अमेयभावजी, रविवारी दुपारी 4 ला तुम्ही स्वतः जाऊन आणा.

गुरुवार आणि शुक्रवार

संक्रांतीनंतर कागदी पतंग स्वस्त मिळतात. शलाका, 25 घेऊन ठेव. भिंतीला पतंगच लावायचे, मांजा अजिबात नको. फुगे मी मुद्दाम टाळते आहे: दीड वर्षाचा कबीर येणार आहे, सगळं तोंडात घालतो, आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकू शकतो.

शुक्रवारी सकाळी शाळेत जायच्या आधी आई मुक्ताला औक्षण करतील. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता रात्रीच तबकात काढून ठेवते. फ्रॉक त्या दिवशी नवा, रविवारी तोच चालेल.

शनिवार, 17 जानेवारी

बाजार सकाळी: बटाटे 3 किलो, टोमॅटो 2 किलो, फ्लॉवर 1 किलो, मटार शेंगा 2 किलो, सिमला मिरची अर्धा किलो, लोणी 1 किलो, कच्ची केळी 4, लिंबं 20. पाव 14 लाद्या, सहाच्या. त्या रविवारी सकाळी ताज्या. इडलीचं पीठ रात्री आंबायला ठेवताना थंडीमुळे कोमट जागी, झाकून.

रविवार

भाजी 2 वाजता चढवायची. तिखट घालण्याआधी मुलांसाठी मोठं पातेलं बाजूला काढा.

4 वाजता सजावट पूर्ण. शलाका दारात उभी राहील, प्रत्येक मुलाच्या पालकांचा नंबर लिहून घेईल.

5.00 अंगणात लगोरी. लवकर येणारे लगेच खेळायला लागतात, वाट बघत बसत नाहीत. मग तळ्यात-मळ्यात, मग लिंबू-चमचा. सहा वर्षांच्या मुलांना "तू बाद" ऐकलं की रडू येतं, म्हणून कोणीही बाद होणार नाही. तळ्यात-मळ्यातमध्ये चुकला तर एक उडी जास्त, बस्स.

5.45 केक. निखिल, फोटोसाठी मुलांना थांबवू नकोस.

5.55 खाणं, सतरंजीवर पंगत. इडली, पाव-भाजी, वेफर्स, लिंबू सरबत. जिनलचं ताट मी वाढते, अर्णवचं निखिल. दोघांच्या ताटाला दुसऱ्या कोणाचा चमचा लागू द्यायचा नाही.

6.35 पोटं भरलेली असतील, पळायचं नाही. गोल बसून "मामाचं पत्र हरवलं", पण धावण्याऐवजी चालत. नंतर आमची संगीत खुर्ची: खुर्च्या कमी होत जातात, मुलं कमी होत नाहीत, शेवटी एका खुर्चीवर सगळ्यांनी मिळून मावायचं. गाणी भावजींच्या फोनवर, आवाज हळू, कबीर झोपायची वेळ असते. उरलेल्या वेळात सगळ्यांनी आणलेली चित्रं मुक्ता एकेक करून दाखवेल. ज्याने आणलं नसेल त्याला तिथेच कागद आणि खडू.

7.15 जाताना प्रत्येकाला एक पतंग, खडूंची पेटी आणि लाडू. मूल पालकाच्या हातात दिल्याशिवाय दारातून सोडायचं नाही.

8.00 झाडू, सतरंज्या, कचरा ओला-सुका वेगळा. उरलेली पाव-भाजी वॉचमनकाकांना गरम करून द्यायची, गार नाही. किल्ली आणि अनामतीची पावती निखिलकडे. चित्रं माझ्याकडे द्या, मी सोमवारी तिच्या खोलीत लावणार आहे.