वाकडच्या टू बीएचके फ्लॅटची चौकशी : डिझायनर आणि ग्राहक यांच्यातील चॅट

6 जुलै, रविवार, संध्याकाळी 7.10

डिझायनर : नमस्कार मॅडम. आज फ्लॅट दाखवण्यासाठी तुम्ही आणि सरांनी वेळ काढलात, त्याबद्दल आभार. मला समजले ते असे : ताबा महिनाअखेरीस मिळेल, वास्तुशांत दसऱ्यानंतर करायची आहे, सासूबाईंचे गुडघे दुखत असल्याने त्यांच्या खोलीत सगळे हाताशी हवे आहे आणि स्वयंपाकघराचा निर्णय तुमचा असेल. काही चुकले असल्यास कळवावे. घरच्यांशी बोलून सांगते, असे तुम्ही म्हणालात, तेव्हा तुम्ही मागितल्याशिवाय मी अंदाजपत्रक पाठवणार नाही.

मॅडम : बरोबर आहे सगळे. थोडा वेळ लागेल.

डिझायनर : अवश्य घ्या.

14 जुलै, सोमवार, सकाळी 11.30

डिझायनर : नमस्कार मॅडम. हा संदेश कामासाठी नाही, ताब्यासाठी आहे. किल्ली घेण्यापूर्वी प्रत्येक खोलीतल्या फरशा नाण्याने वाजवून पाहाव्यात. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खाली सिमेंट नीट बसलेले नसते. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडेच वाहते ना, हे पाहावे आणि खिडक्या बंद करून कडी बसते का, तेही तपासावे. जे दोष दिसतील ते बिल्डरला लेखी कळवावेत. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष लक्षात आणून दिल्यास ते बिल्डरने तीस दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचे असतात. आमचे फर्निचर एकदा बसले की असे दोष त्याच्यामागे झाकले जातात आणि मग जबाबदारी कोणाची, यावर वाद होतो, म्हणून आधीच सांगितले. उत्तर देण्याची गरज नाही.

मॅडम : फार उपयोगी आहे. यांनाही पाठवला.

23 जुलै, बुधवार, रात्री 8.45

मॅडम : एक विचारायचे होते. स्वयंपाकघराला मरीन प्लायच लागतो का? कोणी म्हणते साधाही चालतो.

डिझायनर : सिंकखालच्या आणि ओट्याखालच्या कपाटांना आयएस 710 चे, म्हणजे मरीन प्लाय घ्यावे, कारण तिथे पाणी झिरपण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. वरच्या कपाटांना आयएस 303 चे बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारे प्लाय पुरते, आणि सगळीकडे मरीन लावा असे सांगून खर्च वाढवणे मला पटत नाही. शिक्का मात्र प्लायच्या प्रत्येक शीटवर स्वतः पाहावा. सासूबाईंच्या खोलीबद्दलही विचार केला : पलंग गादीसह 18 ते 20 इंच उंच असल्यास उठताना गुडघ्यांवर ताण कमी येतो, आणि रोजचे कपडे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात ठेवल्यास त्यांना वाकावे लागत नाही. हे कोणत्याही सुताराला सांगता येईल.

मॅडम : त्यांना वाचून दाखवले. खूश आहेत.

4 ऑगस्ट, सोमवार, दुपारी 4.20

मॅडम : स्पष्टच सांगते, आम्ही आणखी एकाकडून दर घेतला आहे आणि तो बऱ्यापैकी कमी वाटतो. तुमच्याकडे तेवढ्यात होईल का?

डिझायनर : स्पष्ट सांगितलेत हे बरे झाले. तो कागद पाहिल्याशिवाय कमी-जास्त म्हणणे योग्य नाही, आणि तो मला दाखवावा असा आग्रहही नाही. त्यात मात्र चार गोष्टी पाहाव्यात : प्लायचा आयएस क्रमांक लिहिला आहे का, लॅमिनेटची जाडी दिली आहे का, कारण 0.8 आणि 1 मिमीच्या दरात फरक पडतो. बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या चॅनेलचे नाव आहे का. आणि ओट्याचा दगड, वीजकाम व 18 टक्के जीएसटी रकमेत धरले आहेत की वेगळे लागणार आहेत. हे सगळे लेखी असेल आणि तरीही रक्कम कमी असेल, तर तुम्ही तिकडे काम द्यावे; मला वाईट वाटणार नाही. मी साहित्य उतरवून दर जुळवत नाही, पण काम कमी करून खर्च नक्की कमी करता येतो. उदाहरणार्थ, बेडरूममधले फॉल्स सीलिंग गाळता येईल. तिथे ते मला नाहीतरी अनावश्यकच वाटते.

7 ऑगस्ट, गुरुवार, रात्री 9.05

मॅडम : विचारले. जीएसटी आणि दगड वेगळे निघाले. सध्या फक्त स्वयंपाकघर आणि आईंची खोली करायची ठरते आहे. एवढेच काम घ्याल का?

डिझायनर : हो, घेते. मोजमाप घेतल्यावर आठवडाभरात फक्त या दोन कामांचे, प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेले अंदाजपत्रक देईन. ते पाहून नको वाटल्यास तसे सांगावे, मोजमापाचे शुल्क नाही. दसऱ्यानंतरच्या वास्तुशांतीचा विचार करता स्वयंपाकघराला साधारण सहा आठवडे धरावे लागतील, एवढे फक्त लक्षात असू द्यावे.

मॅडम : शनिवारी सकाळी 11 ला जमेल का? आईंनाही आणते.

डिझायनर : जमेल. त्या रोज वापरतात ती खुर्ची किती उंच आहे, ते घरून मोजून आणावे. पलंगाची उंची त्यावरूनच ठरवू. गॅस शेगडी, मायक्रोवेव्ह आणि वॉटर प्युरिफायर जुनेच वापरणार असाल तर त्यांची मापेही आणावीत, म्हणजे प्लग पॉइंट कुठे हवेत ते त्याच दिवशी भिंतीवर खुणा करून ठेवते.