आठवीचे पुस्तक आणि लीड्समधला इतिहासाचा तास

ब्रिटिश राजवट महाराष्ट्रात कशी शिकवतात आणि इंग्लंडमध्ये कशी, याची तुलना करायला बसले की पहिली अडचण साहित्याचीच येते. आपल्याकडे एक पुस्तक असते. बालभारतीने छापले की तेच गडचिरोलीत आणि तेच वेंगुर्ल्यात. इंग्लंडमध्ये तसे पुस्तक नाही. २०१४ पासून लागू असलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम इतिहासासाठी जेमतेम काही पानांचा आहे. बाकी सगळे शाळेवर. शिक्षक आपल्या पुस्तिका स्वतः जुळवतात, झेरॉक्स काढतात, पडद्यावर चित्रे दाखवतात. त्यामुळे मी तुलना करते आहे ती एका छापील पुस्तकाची आणि लीड्समधल्या एका सरकारी शाळेत प्रबंधाच्या निमित्ताने मागच्या बाकावर बसून पाहिलेल्या तासांची. पुस्तक माझ्या धाकट्या भावाचे, २०१८ साली आलेले. माझे शिक्षण वाईला, मराठी माध्यमात झाले.

या राष्ट्रीय अभ्यासक्रमात अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी १७४५ ते १९०१ या काळाला एक मथळा आहे: विचार, राजकीय सत्ता, उद्योग आणि साम्राज्य. मथळा बंधनकारक, त्याखालचे विषय मात्र उदाहरणादाखल. साम्राज्याचा विस्तार शिकवावा, त्यात एखाद्या प्रदेशाचा सखोल अभ्यास घ्यावा, ‘उदाहरणार्थ भारत’. विसाव्या शतकाच्या यादीतही भारताचे स्वातंत्र्य आणि साम्राज्याचा शेवट आहे, तोही उदाहरणादाखलच. त्या यादीत सक्तीचा एकच विषय: नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. म्हणजे एखाद्या शाळेने भारत पूर्ण वगळला तरी नियम मोडत नाही. चौदाव्या वर्षी इतिहास सोडताही येतो, आणि पुष्कळ मुले सोडतात.

आपल्याकडे ही मुभा कुणालाच नाही. आठवीचे अख्खे वर्ष ब्रिटिशांचे. युरोप आणि भारत, मग ब्रिटिश सत्तेचे परिणाम, १८५७, प्रबोधन, काँग्रेस, असहकार, सविनय कायदेभंग, क्रांतिकारक, समतेचा लढा, स्वातंत्र्य, गोवा आणि हैदराबाद, शेवटी संयुक्त महाराष्ट्र. चौदा पाठांची ही रांग पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. राजवट म्हणजे राज्य कसे चालवले, हे सांगणारा पाठ त्यात मुख्यतः एकच, तिसरा. बाकीचे पाठ ती राजवट कशी घालवली याचे. दुहेरी राज्यव्यवस्था, रेग्युलेटिंग ॲक्ट, मुलकी नोकरशाही, जमीन महसूल, शेतीचे व्यापारीकरण, जुने उद्योगधंदे बुडणे, रेल्वे, शिक्षण, सगळे या एका पाठात खच्चून भरलेले. आमच्या सरांनी हा भाग दोन तासांत उरकला होता आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

तरी एक श्रेय द्यायला हवे. हे पुस्तक नुसते रडगाणे नाही. लीड्सच्या विद्यापीठात कुणी ‘भारतात तर राष्ट्रवादी इतिहासच शिकवतात ना?’ असे विचारले की मी हाच पाठ दाखवते. कायदा, छापखाना, इंग्रजी शिक्षण, सतीबंदी यांची नोंद त्यात लूट आणि दुष्काळाच्या जवळच आहे. नोंद म्हणण्याचे कारण, त्यांचा एकमेकांशी काय संबंध ते पुस्तक सांगत नाही.

लीड्समध्ये काय पाहिले? तिथल्या आठवीतला सर्वांत चांगला भाग गुलामांच्या व्यापाराचा. शहराबाहेर हेअरवुड हाउस नावाचा भव्य वाडा आहे. तो बांधणाऱ्या लॅसेल्स घराण्याचा पैसा वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमातून आला. मुले तिथे सहलीला गेलेली असतात, त्यामुळे वर्गात पैशाची वाट मागे मागे काढत जाता येते: भिंतीवरचे चित्र, घराण्याचा व्यापार, साखर, मळा, माणसे. मग १८३३ चा कायदा येतो. त्या कायद्याने मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली, गुलामांना एक पैसाही नाही, आणि त्या कर्जाचा शेवटचा अंश सरकारने २०१५ साली फेडला, हे ऐकून वर्ग एकदम बोलायला लागला. एका मुलाने विचारले, ‘म्हणजे माझ्या आईच्या टॅक्समधून?’ शिक्षिका म्हणाल्या, हो. असा तास मी वाईत अनुभवला नव्हता, हे मान्य करायला मला संकोच नाही.

फक्त त्याच कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता आणि भारतातल्या गुलामगिरीला कायद्याचा आधार नाकारायला १८४३ उजाडले, हे पुस्तिकेत नव्हते. भारत पुढे स्वतंत्र पाठ म्हणून येतो: क्लाइव्ह, हेस्टिंग्ज, काडतुसे, राणीचा जाहीरनामा, मग एकदम गांधी आणि फाळणी. वरच्या वर्गात ज्या मुलांनी इतिहास ठेवला आहे, त्यांच्यासाठी एक्यूए या परीक्षामंडळाचा ‘स्थलांतर, साम्राज्ये आणि लोक’ हा पर्याय आहे. तो इसवी सन ७९० च्या सुमारापासून आजपर्यंत जातो, म्हणजे डॅनिश चाचे आणि वॉरन हेस्टिंग्ज एकाच अभ्यासघटकात. कल्पना चांगली आहे. पण त्यात भारत कायम बाहेरून दिसतो: इंग्रज तिथे गेले, काही काळाने तिथली माणसे इथे आली. मधल्या काळात तिथली माणसे आपसात काय बोलत होती, कशावरून भांडत होती, याला जागा नाही.

खरा फरक प्रश्नपत्रिकेत आहे. आपल्या प्रश्नाचा ठराविक साचा, ‘पुढील विधान सकारण स्पष्ट करा’. विधान बरोबरच आहे हे गृहीत धरायचे, आपण फक्त कारणे पुरवायची. ‘हे विधान मला पटत नाही’ असे लिहिणाऱ्याला गुण कुठून द्यायचे, हे तपासणाऱ्यालाही कळणार नाही. इंग्लंडच्या त्या पेपरात पहिला प्रश्न एखाद्या साधनाचा असतो, बहुधा एखादे व्यंगचित्र: अभ्यासकाला हे कितपत उपयोगी? आठ गुण. कुणी काढले, कुणासाठी, केव्हा, हे मुलाने तपासायचे. पद्धत उत्तम. पण उठावाविषयी एकूण तीनच तास शिकलेला मुलगा त्या व्यंगचित्राला जाब विचारणार तरी कशाच्या बळावर? बरीच उत्तरे मी वाचली. ‘चित्रकार ब्रिटिश असल्यामुळे पक्षपाती असू शकतो’ हे वाक्य जवळपास सगळ्यांत. आपल्याकडच्या गाइडमधल्या उत्तरांना नावे ठेवणाऱ्यांनी ही उत्तरेही वाचावीत.

गंमत म्हणजे आपली दहावी. त्या वर्षी पुस्तकात इतिहासलेखनाचे पाठ आहेत. जेम्स मिल, ग्रँट डफ, वसाहतवादी, प्राच्यवादी, राष्ट्रवादी, मार्क्सवादी इतिहासलेखन, वंचितांचा इतिहास. इतिहास कोण लिहितो आणि का, हा प्रश्न सोळाव्या वर्षाच्या आत प्रत्येक मुलापुढे ठेवणे ही धाडसाची गोष्ट आहे. लीड्समधल्या माझ्या प्राध्यापकांना ते खरे वाटेना. मग मी त्यांना स्वाध्याय दाखवला: चुकीची जोडी ओळखा. चाळीस गुणांच्या पेपरात मिल आणि डफ जोड्या लावण्यापुरते उरतात.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. ब्रिटिश राजवटीविषयीचा सर्वांत कसदार वाद आठवीच्या पुस्तकातच पडून आहे. महात्मा फुले प्रबोधनाच्या पाठात, दादाभाई नौरोजी काँग्रेसच्या. दोघे समकालीन. दोघांच्या डोक्यात एकच हिशेब: रयतेकडून वसूल झालेला पैसा जातो कुठे? दादाभाईंनी तो लंडनपर्यंत नेला: पगार, पेन्शन, व्याज, सगळे हिंदुस्थानातून वाहून चालले आहे. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात तोच शेतसारा पुण्या-मुंबईच्या उच्च शिक्षणापर्यंत नेला: पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिकतात मात्र वरच्या जातींची मुले. एकाला गुन्हेगार साहेब दिसतो. दुसऱ्याला साहेबाच्या कचेरीत बसलेला कारकून आणि त्याच्यावर विसंबलेला सुस्त साहेब, दोघेही. ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचले तर कळते की फुले इंग्रज सरकारचे भाट नव्हते. जंगलखात्यापासून करांपर्यंत त्यांनी कुणालाच सोडलेले नाही. तरी या राजवटीने शूद्रातिशूद्रांना एक फट मिळाली, ती बुजण्याआधी त्यातून बाहेर पडा, हेही ते सांगत होते. काँग्रेसविषयी त्यांना विश्वास वाटत नव्हता, आणि दादाभाई त्याच काँग्रेसचे १८८६ चे अध्यक्ष.

हे दोन पाठ पुस्तकात लागोपाठ येतात. स्वाध्यायात एकही प्रश्न दोघांना समोरासमोर आणत नाही. दोघांचे फोटो एकाच भिंतीवर लावून दोघांना हार घालण्याची आपली सवय पुस्तकातही उतरली आहे, आणि त्यात दोघांचेही नुकसान आहे.

इंग्लंडच्या वर्गालाही ही माणसे परकी नाहीत, हे मला तिथे बसूनच उमगले. दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघातून खासदार झाले. म्हणजे ते ब्रिटनच्याच इतिहासातले. फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. म्हणजे जो धडा लीड्समध्ये सर्वांत चांगला शिकवतात, त्याचा पुढचा भाग पुण्यात घडला. आणि आमच्या साताऱ्याचे रंगो बापूजी. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला ते १८४० पासून वर्षानुवर्षे लंडनमध्ये ठाण मांडून बसले. तिथे त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत जॉर्ज थॉम्पसन होता, गुलामगिरीविरोधी चळवळीतला नामांकित वक्ता. आमच्या शाळेत रंगो बापूजी म्हणजे १८५७ चे साताऱ्याचे वीर, एवढेच. लंडनमध्ये ते कुणाला भेटले, तिथले काही इंग्रज आपल्याच कंपनीविरुद्ध का बोलले, हे कुणी विचारले नाही. आपल्या पुस्तकात इंग्रज म्हणजे गव्हर्नर जनरलची नावे. मँचेस्टरचा गिरणी कामगार, पार्लमेंटमधला विरोधक, यांना तिथे चेहरा नाही.

तेव्हा दोन्हींत मला काय बरे वाटते? आशय आपला, प्रश्न त्यांचे. आणि हे जमवायला धोरण बदलायची वाट पाहायला नको. आठवीला बोर्ड नसते. दोन छोटे उतारे आणि एक प्रश्न पुरे: ‘रयतेचा पैसा कुठे गेला, याविषयी फुले आणि दादाभाई यांच्यापैकी कुणाचे म्हणणे तुम्हाला अधिक पटते?’ उत्तर कोणतेही चालेल, पुरावा उताऱ्यातला हवा.

असा कागद करून मी वाईला माझ्या सरांना पाठवला. क्रीडास्पर्धा आटोपल्या की जानेवारीत एक तास देतो म्हणाले. मुले ‘नक्की उत्तर कोणते लिहायचे’ असे विचारतील, त्याची तयारी ठेव, असेही म्हणाले. लीड्सच्या शिक्षिकांनी नववीसाठी दोन तास दिले आहेत. दादाभाई त्यांना लगेच चालले, फुल्यांचा उतारा मात्र लांब वाटतो, अर्धा कर म्हणतात. मी कापते आहे. शेतसाऱ्याचा भाग तेवढा काढणार नाही.