सत्काराला उत्तर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, यळ्ळूर, वडगाव, शहापूर आणि अनगोळच्या शिवारांतून आलेल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख फार मोठ्या शब्दांत करून दिली, म्हणून प्रथम माझी खरी ओळख सांगते. मी राजहंसगडाच्या पायथ्याशी असलेल्या काळ्या जमिनीत भात आणि भातानंतर त्याच ओलीवर मसूर-वाटाणा पिकवणारी एक शेतकरी आहे. माझे शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले. बेळगाव बासमतीचे बियाणे दरवर्षी राखून ठेवणे आणि मागेल त्याला देणे, एवढेच काम माझ्या हातून होत आले आहे. या कामासाठी आपण मला शाल आणि श्रीफळ देऊन गौरवलेत, याबद्दल मी आयोजकांची आणि आपणा सर्वांची ऋणी आहे.

हे बियाणे मी निर्माण केलेले नाही, हे आज सर्वांसमोर नोंदवणे मला आवश्यक वाटते. लग्न होऊन या घरी आले तेव्हा सासूबाई कापणीच्या आधी विळा घेऊन शेतात फिरत, आणि उंची, रंग किंवा कुसळ वेगळे दिसेल ती लोंबी काढून टाकत. बांधाकडेच्या ओळी त्यांनी बियाण्यासाठी कधीच धरल्या नाहीत, कारण शेजारच्या शेतातील दुसऱ्या जातीचे दाणे तिथे मिसळण्याची शक्यता असते. पेंढी झोडताना पहिल्या दोन-तीन फटक्यांत जे दाणे गळतात ते पूर्ण भरलेले असतात, तेवढेच त्या वेगळ्या सुपात घेत आणि उरलेली पेंढी मग इतरांकडे सोपवत. पुढे कृषी खात्याच्या शिबिरात, दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी बुडवावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवावे, ही पद्धत मी शिकले. सासूबाईंच्या सुपातील बी या परीक्षेला लावले तेव्हा वर फारच थोडे दाणे आले. आजचा सन्मान सर्वांत आधी त्यांचा आहे.

आपल्या भागातील ज्यांनी बासमती सोडली त्यांना मी कधीही दोष देणार नाही. हे भात उंच वाढते, वाऱ्या-पावसात लोळते, इंद्रायणीच्या मानाने उतारा कमी देते आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात चढले की हाती काही लागेलच याची खात्री नसते. घरात मुलांची फी भरायची असताना उताऱ्याचा विचार करावाच लागतो. तरीही ज्यांनी एखादा वाफा का होईना बासमतीला ठेवला, त्यांच्यामुळेच हे बी टिकले. एका वर्षी आमच्या रानात पाणी साचून बियाण्याचे पीक हातचे गेले. त्या वेळी ज्या कन्नड भाषिक शेतकरी कुटुंबाला मी पूर्वी बी दिले होते, त्यांनी स्वतः घरी येऊन पोते ओसरीवर ठेवले आणि पैशाचा विषयही काढू दिला नाही. ते कुटुंब आज समोर बसले आहे. तुमच्या त्या पोत्यामुळेच माझ्याकडे आज बियाणे आहे, हे मी या व्यासपीठावरून कृतज्ञतेने सांगते.

धूळवाफ पेरणीच्या दिवसांत माझ्याबरोबर कुरीमागे चाललेल्या, भांगलणीला वाकून भेसळीचे रोप अचूक ओळखणाऱ्या गावातील भगिनींचे आभार मानल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. त्यांच्या नजरेइतकी तयार नजर मी कोठे पाहिलेली नाही. माझ्या पती आणि मुलांनी, विकले असते तर चांगला भाव मिळाला असता असे भात बियाण्यासाठी बाजूला ठेवताना कधी कुरकुर केली नाही, त्यांचेही मी मनापासून आभार मानते.

सत्काराबरोबर दिलेली रक्कम मी आनंदाने स्वीकारते आणि तिच्यातून धान्यातील ओलावा मोजण्याचे यंत्र घेण्याचे ठरवले आहे. भाताचे बी साठवताना ओलावा 13 टक्क्यांच्या वर राहिला, तर कीड लागते आणि उगवण घटते. आजवर आपण दाणा दाताखाली फोडून अंदाज घेत आलो. हे यंत्र आपल्या कृषी पत्तीन संघात राहील आणि कोणालाही विनामूल्य वापरता येईल, अशी विनंती मी संघाच्या अध्यक्षांना केली असून त्यांनी ती मान्य केली आहे, याबद्दल त्यांचे आभार.

यंदाची मळणी झाल्यावर ज्यांना बासमतीचे बी हवे असेल त्यांनी निःसंकोच घरी यावे. पुढच्या हंगामात तेवढेच बी परत द्यावे, किंवा ते तुमच्या शेजाऱ्याला द्यावे, माझी दोन्हीला संमती आहे. आपण दिलेल्या प्रेमाबद्दल आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे पुन्हा एकदा मनःपूर्वक आभार मानते आणि माझे बोलणे थांबवते. धन्यवाद.