प्रशासकीय परिचय : मुख्य प्रशासकीय अधिकारी, २४० खाटांचे बहुविशेषता रुग्णालय

हा परिचय नियामक मंडळाच्या सदस्यांसाठी गुणवत्ता विभाग आणि मनुष्यबळ विभागाने मिळून तयार केला आहे. मुख्य प्रशासकीय अधिकारी पाच वर्षांपासून या पदावर आहेत. त्यांनी रुग्णालय व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेतले असून त्याआधी त्या परिचर्या विभागात कार्यरत होत्या. वैद्यकीय संचालक, परिचर्या अधीक्षक, वित्त प्रमुख, जैववैद्यकीय अभियंता आणि सेवा व्यवस्थापक हे पाच जण प्रशासकीय बाबींत थेट त्यांना अहवाल देतात. वैद्यकीय निर्णय मात्र पूर्णपणे वैद्यकीय संचालकांच्या अखत्यारीत आहेत. ही रेषा संघटन आराखड्यात लेखी आहे आणि ती दोन्ही बाजूंनी पाळली जाते.

खाटांची क्षमता

मंजूर खाटा २४० आहेत. सर्वसाधारण कक्षात ९६, दोन खाटांच्या खोल्यांत ४८, स्वतंत्र खोल्यांत २८, प्रौढ अतिदक्षता विभागात ३०, कक्ष आणि अतिदक्षता यांच्या मधल्या पातळीच्या एचडीयूमध्ये १४, नवजात अतिदक्षता विभागात १२ आणि प्रसूती कक्षात १२. यांपैकी २२८ चालू आहेत. सर्वसाधारण कक्षातल्या १२ खाटा ऑक्सिजन वाहिनीच्या दुरुस्तीमुळे बंद आहेत आणि त्या क्षमतेत धरलेल्या नाहीत.

आपत्कालीन विभागातल्या १४ खाटा, शस्त्रक्रियेनंतरच्या रिकव्हरीतल्या ८, डे-केअरच्या १६ आणि डायलिसिसची १० स्थानके या हिशेबाच्या बाहेर आहेत. पूर्वी डे-केअरचे रुग्ण रात्री बाराच्या गणनेत नसत, पण महिन्याच्या अहवालात मात्र त्यांची भर पडे. त्यामुळे खाटांचा भरणा काही महिने शंभर टक्क्यांच्या वर दिसे. आकडा फुगवायचा असेल तर हा सोपा मार्ग आहे, पण त्यावर कर्मचारी नेमायचे म्हटले की सगळेच फसते. आता गणनेची व्याख्या एक, वेळ एक (मध्यरात्र) आणि ती नोंदणारा विभागही एकच, वैद्यकीय नोंदी विभाग.

गेल्या वर्षीचा सरासरी भरणा ८२ टक्के, सरासरी मुक्काम ४.१ दिवस आणि डिस्चार्ज सुमारे १६,६४०. पदभार घेतला त्या वर्षी, तितक्याच चालू खाटांवर, भरणा ८८ टक्के आणि मुक्काम ४.८ दिवस होता; डिस्चार्ज सुमारे १५,२६०. म्हणजे खाटा कमी भरल्या आणि रुग्ण जवळपास १,४०० जास्त हाताळले गेले. मंडळातल्या काही सदस्यांना भरणा घटल्याची चिंता वाटली होती. पण प्रत्येक खाटेवर वर्षाकाठी ६७ ऐवजी ७३ रुग्ण आले, हा आकडा अधिक बोलका आहे.

तपासणीचा साधा हिशेब मुख्य प्रशासकीय अधिकारी प्रत्येक तिमाहीत मांडतात. दिवसाला सरासरी ४५.६ नवे दाखल रुग्ण आणि ४.१ दिवसांचा मुक्काम यांचा गुणाकार १८७ येतो. मध्यरात्रीच्या गणनेची सरासरीही तेवढीच यायला हवी. फरक पडला तर कुठेतरी दाखल झालेला रुग्ण दोनदा नोंदला गेला आहे किंवा डिस्चार्ज संगणकात उशिरा चढला आहे.

भरण्याचे लक्ष्य मुद्दाम ८५ टक्क्यांच्या खाली ठेवले आहे. त्याच्या वर गेले की पुरुष कक्ष, स्त्री कक्ष, विलगीकरण, अतिदक्षता असे वेगळेपण आड येते. एकूण खाटा रिकाम्या दिसतात, पण हवी ती खाट मिळत नाही.

रुग्णांचा प्रवाह

कामाचा सर्वांत मोठा भाग हाच. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्यापासून खाट रिकामी होईपर्यंत सरासरी ५ तास ४० मिनिटे लागत होती, आता २ तास ५० मिनिटे लागतात. सुरुवातीला सगळा दोष बिलिंगवर टाकला जाई. पण प्रत्येक टप्प्याची वेळ दोन आठवडे नोंदवल्यावर चित्र वेगळे निघाले. बिल तयार करायला सरासरी २५ मिनिटे लागत होती. त्याआधीचे अडीच तास डिस्चार्ज समरी आणि वापरात न आलेली औषधे फार्मसीत परत करण्यात जात होते. औषधे परत आल्याशिवाय बिल बंद होत नाही, आणि कक्षातला सहायक ती सगळ्या रुग्णांची मिळून एकदम दुपारी नेत असे. विम्याची अंतिम मंजुरीही बिल बंद झाल्यावरच मागितली जाई.

आता उद्या घरी जाऊ शकणाऱ्या रुग्णांची संभाव्य यादी संध्याकाळी सहापर्यंत निश्चित होते. समरीचा मसुदा रात्रपाळीचे निवासी डॉक्टर लिहून ठेवतात, सकाळी फक्त औषधे आणि पुढच्या भेटीची तारीख भरायची. या रुग्णांचे रक्ताचे नमुने पहाटे पाचला घेतले जातात, अहवाल साडेसातपर्यंत येतो. औषधांची परतफेड रात्रीच होते. विमा कंपनीला अंतरिम बिलही आदल्या संध्याकाळी जाते. राऊंडचा क्रम बदलला आहे : आधी गंभीर रुग्ण, मग घरी जाण्याजोगे, मग उरलेले. काही वरिष्ठ डॉक्टरांनी हा क्रम मान्य करायला जवळपास वर्ष घेतले. त्यांना पटवले ते परिपत्रकाने नव्हे. अतिदक्षता विभागात खाट नसल्याने रद्द झालेल्या त्यांच्याच शस्त्रक्रियांची यादी समोर ठेवल्यावर विषय मार्गी लागला.

डिस्चार्ज लाउंजचा पहिला प्रयोग फसला. तिथे परिचारिका नेमलेली नव्हती. रुग्ण हातातल्या कॅन्युलासह खाली येत, औषधे समजावून सांगायला कोणी नसे आणि नातेवाईक पुन्हा कक्षात चढून जात. तीन महिन्यांत तो बंद करावा लागला. दुसऱ्यांदा सुरू करताना एक परिचारिका, फार्मसीची खिडकी आणि चार मुद्द्यांची तपासणी ठेवली : कॅन्युला काढला, कागदपत्रे दिली, औषधे समजावली, वाहन आले. खाटेवर पडून राहणे आवश्यक असलेला रुग्ण लाउंजमध्ये पाठवायचा नाही.

खाट रिकामी झाल्यावर स्वच्छतेला ३५ मिनिटे धरली आहेत, विलगीकरणाच्या खोलीला ६०. इथे घाई चालत नाही. जंतुनाशकाचा पृष्ठभागावर ओला राहण्याचा काळ पूर्ण व्हायलाच हवा, आणि लवकर पुसून टाकण्याची चूक पर्यवेक्षक नसला की हमखास होते.

अतिदक्षता विभागाची कोंडी मात्र वेगळ्या कारणाची होती. आपत्कालीन रुग्ण आठवडाभर साधारण सारख्या संख्येने येतात. चढउतार येतो तो नियोजित शस्त्रक्रियांमुळे. मोठ्या शस्त्रक्रिया सोमवार आणि मंगळवारी एकवटल्या होत्या, म्हणून बुधवारी अतिदक्षता भरून जाई आणि शनिवारी निम्मी रिकामी राही. ओटीचे वेळापत्रक पाच दिवसांत विभागले आणि दिवसाला अतिदक्षतेची गरज लागणाऱ्या शस्त्रक्रिया चारपर्यंत मर्यादित केल्या. खाटेअभावी रद्द होणाऱ्या शस्त्रक्रिया महिन्याला ११ वरून ३ वर आल्या. यासाठी एकही नवी खाट लागली नाही.

रोज सकाळी ८.१५ आणि दुपारी ३.३० ला खाटांची बैठक होते, उभ्यानेच, बारा मिनिटे. प्रत्येक कक्ष चार आकडे सांगतो : सध्या किती, आज किती जाणार, किती येणार, किती अडले. अडलेल्या प्रत्येक रुग्णामागे एक नाव आणि एक वेळ लिहिली जाते. चर्चा करायची असेल तर ती बैठकीनंतर.

मानांकन आणि रुग्णसुरक्षा

रुग्णालयाला जेसीआय मानांकन आहे. ते तीन वर्षांसाठी असते आणि दुसरे चक्र मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या कार्यकाळात पूर्ण झाले. प्रयोगशाळेला आयएसओ १५१८९ मान्यता आहे. तपासणीच्या महिनाभर आधी भिंती रंगवायच्या आणि फायली भरायच्या, ही पद्धत त्यांनी बंद केली. तपासनीस एखाद्या रुग्णाचा मागोवा घेत आपत्कालीन विभागापासून ओटी, रिकव्हरी, कक्ष असे फिरतात आणि हस्तांतराच्या जागी प्रश्न विचारतात. म्हणून दर महिन्याला सहा अंतर्गत मागोवे घेतले जातात, त्यातला एक रात्रपाळीत.

त्यातून काय सापडले, त्याचे एक उदाहरण. एका कक्षात वेदनेची नोंद आठवडाभर सगळ्या रुग्णांसाठी ‘२’ होती. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीही २, घरी जातानाही २. तक्ता पूर्ण भरलेला, म्हणून कागदावर अनुपालन शंभर टक्के. आता लेखापरीक्षणात रकाना भरला की नाही हे पाहत नाहीत. नोंद चार किंवा त्याहून जास्त असेल तर औषध दिले का आणि तासाभरात पुन्हा विचारले का, हे पाहतात.

जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी तीन टप्प्यांत वापरली जाते. पहिले दोन टप्पे चांगले होतात. तिसरा, रुग्ण ओटीतून बाहेर जाण्याआधीचा, सर्वाधिक गळतो, कारण तोवर मुख्य शल्यचिकित्सक पुढच्या केसकडे वळलेले असतात. स्पंज आणि उपकरणांची मोजणी जुळल्याचे परिचारिकेने मोठ्याने सांगितल्याशिवाय नमुन्याची बाटली प्रयोगशाळेत जात नाही, असा अटकाव घातल्यावर हा टप्पा रुळावर आला.

हातांच्या स्वच्छतेचे अनुपालन ओळखीच्या निरीक्षकासमोर ९० टक्क्यांच्या पुढे जाते, अनोळखी निरीक्षकासमोर ७४ टक्के. मंडळाला कळवला जातो तो दुसरा आकडा. घटनांच्या नोंदी महिन्याला १८ वरून ७४ झाल्या आहेत. थोडक्यात टळलेल्या चुका लोक आता लिहू लागले, याचाच तो परिणाम; गंभीर इजेच्या घटना या काळात वाढलेल्या नाहीत.

मनुष्यबळ

एकूण कर्मचारी ७८०, त्यात परिचर्या ३९०. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एकास एक, इतर अतिदक्षतेत एकास दोन, एचडीयूत एकास तीन, सर्वसाधारण कक्षात एकास सहा असे प्रमाण प्रत्येक पाळीला पाळायचे आहे. रात्रपाळीतही तेच.

पदसंख्या कशी काढतात यावर पूर्वी दरवर्षी वित्त विभागाशी वाद होई. आता सूत्र ठरले आहे. एक जागा वर्षभर तिन्ही पाळ्यांत भरायची तर ३६५ × ३ = १,०९५ पाळ्या लागतात. साप्ताहिक सुट्ट्या ५२, सणांच्या १०, रजा ३० आणि प्रशिक्षण ५ दिवस वजा केले की एक परिचारिका २६८ पाळ्या करते. म्हणजे एका जागेला ४.१ माणसे. तीन माणसांचा हिशेब धरला की उरलेली तूट डबल ड्युटीने भरली जाते, आणि औषधांच्या चुका तिथेच वाढतात.

परिचर्येतले नोकरी सोडण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून १८ वर आले. जाणाऱ्यांच्या मुलाखतींत पगाराइतकीच दोन कारणे वारंवार येत : रोस्टर आदल्या दिवशी कळणे आणि नव्या मुलींना पहिल्याच महिन्यात एकटीने रात्रपाळी लागणे. आता रोस्टर १४ दिवस आधी लागतो, सलग रात्रपाळ्या जास्तीत जास्त तीन, त्यानंतर दोन दिवस सुट्टी. नव्याने रुजू झालेल्यांना आठ आठवडे अनुभवी परिचारिकेसोबतच काम दिले जाते, आणि त्या काळात त्यांना प्रमाणात मोजत नाहीत. पाळ्यांमध्ये अर्ध्या तासाची सामायिक वेळ ठेवली आहे. हॅंडओव्हर खाटेजवळ, ठरावीक क्रमाने होतो.

कंत्राटी स्वच्छता कर्मचाऱ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कंत्राटदाराकडची माणसे सतत बदलतात, प्रशिक्षण वाया जाते आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या वर्गीकरणात पुन्हा त्याच चुका दिसतात. अतिदक्षता आणि ओटीसाठी २४ कर्मचारी थेट सेवेत घेण्याचा प्रस्ताव मंडळापुढे आहे.

चालू वर्षाची जबाबदारी

बंद असलेल्या १२ खाटा दुसऱ्या तिमाहीत सुरू होतील, पण त्यासाठी आवश्यक नऊ परिचारिका रुजू झाल्यावरच. दिवसातली पहिली शस्त्रक्रिया वेळेवर सुरू होण्याचे प्रमाण ५८ टक्के आहे, ते ८० वर न्यायचे आहे. उशिराचे मुख्य कारण रुग्णाची भूलपूर्व तपासणी त्याच सकाळी होणे हे आहे. ओपीडीतली सरासरी ५२ मिनिटांची प्रतीक्षा गेली दोन वर्षे जागची हललेली नाही. सल्लागारांच्या वेळा आणि भेटींचे आरक्षण यांचा मेळ घालण्याचे काम वैद्यकीय संचालकांसोबत सुरू असून त्याचा अहवाल सप्टेंबरच्या बैठकीत येईल.